«केरिया आब्लार दे मी स्वेल्दो»: साहेबांकडे स्पॅनिशमधून पगारवाढ मागताना

पत्र

मी डोंबिवलीत राहते आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत चार वर्षं स्पॅनिश पुरवठादारांची बिलं बघते. माझे मॅनेजर वालेन्सियाचे, तिथूनच काम करतात. आमचं रोजचं बोलणं स्पॅनिशमध्येच होतं आणि ते मला पहिल्यापासून 'तू' म्हणतात. एप्रिलपासून मेक्सिको आणि कोलंबियाची बिलंही माझ्याकडे आली; महिन्याला ३०० होती ती ४५० झाली. दोन नव्या मुलांना मीच शिकवलं. पगार मात्र ६ लाख ४० हजारांवरच आहे. सप्टेंबरमध्ये वाढ मागायची असं ठरवलंय. माझी स्पॅनिशची बी-टू पातळी झाली आहे, पण पैशांचा विषय निघाला की जीभ अडखळते. अशा वेळी त्यांना आदरार्थी 'उस्तेद' म्हणावं का? घराचा हप्ता वाढलाय हे सांगू का? ते 'नाही' म्हणाले तर पुढे काय बोलायचं? की चुकीचं स्पॅनिश बोलून हसं करून घेण्यापेक्षा सरळ इंग्रजीतच मागू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्यातूनच आलेत असं मला वाटतं. तुम्ही धरून चाललाय की त्या अर्ध्या तासात तुमच्या स्पॅनिशची परीक्षा होणार आहे. तुमचे मॅनेजर चार वर्षं रोज तुमचं स्पॅनिश ऐकतात. तुमचं क्रियापद कुठे घसरतं हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे, आणि तरीही दोन जास्तीच्या देशांची बिलं त्यांनी तुमच्याकडेच दिली. त्या दिवशी त्यांना व्याकरण तपासायचं नसेल. ही मागणी आपल्या वरच्यांपुढे मांडता येईल का, एवढंच ते बघत असतील. म्हणून बोलणं स्पॅनिशमध्येच करा. ज्या कौशल्यासाठी पैसे मागायचे, तेच बाजूला ठेवून इंग्रजीत मागणं मला विचित्र वाटतं. आकड्यांची गोष्ट वेगळी. ते स्पॅनिशमध्ये सांगून झाल्यावर इंग्रजीत पुन्हा सांगितले तर त्यात कमीपणा नाही.

दुसरं एक गृहीत पत्रात लिहिलेलं नाही, पण जाणवतं: वाढ तुमचे मॅनेजर देणार. तसं असेलही. पण मुंबईच्या पुष्कळ कंपन्यांत परदेशातला मॅनेजर काम देतो आणि पगाराचं पत्र मात्र इथल्या एचआरकडून निघतं. तुमच्याकडे तसंच असेल तर त्यांच्याकडे पैसे मागण्यापेक्षा पाठिंबा मागणं जास्त खरं ठरेल. भेटीआधी एचआरमधल्या कुणाला तरी शांतपणे विचारून घ्या की वाढीच्या शिफारशीवर सही कोणाची लागते. खालचं बोलणं दोन्हीकडे चालेल, एका वाक्याचा फरक पडेल. तो जागेवर सांगते.

'तू' की 'उस्तेद'

ते तुम्हाला 'तू' म्हणत असतील आणि तुम्हीही चार वर्षं त्यांना 'तू'च म्हणत आला असाल, तर त्या दिवशीही 'तू'च ठेवा. आपल्या कानाला हे खटकतं, कारण उच्चार अगदी आपल्या 'तू'सारखा, आणि साहेबांना 'अरे तू' म्हणायची कल्पनाही आपल्याला झेपत नाही. पण स्पेनच्या ऑफिसात या शब्दाला ते वजन नाही. उलट रोज 'तू' म्हणणारी व्यक्ती एकदम 'उस्तेद'वर आली, तर समोरच्याला वाटतं की ही रागावली आहे किंवा राजीनामा घेऊन आली आहे. आदर दाखवायची जागा क्रियापदात आहे.

हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. आपण 'मला तुमच्याशी बोलायचं आहे' असं म्हणत नाही. 'जरा बोलायचं होतं' म्हणतो. बोलायचं असतं आत्ता, पण वाक्य भूतकाळात टाकून त्याची धार काढतो. स्पॅनिश तंतोतंत हेच करतं. 'किएरो' म्हणजे 'मला हवंय', आणि पैशांच्या बोलण्यात ते टेबलावर मूठ आपटल्यासारखं लागतं. 'केरिया' म्हणजे आपलं 'बोलायचं होतं'. 'मे गुस्तारिया' म्हणजे 'आवडेल मला', आणि 'पोद्रियामोस' म्हणजे 'आपल्याला करता येईल का'. हे तीन शब्द तोंडात बसले की निम्मी सभ्यता आपोआप येते. इंग्रजीतून विचार केला तर 'किएरो' येतं, मराठीतून केला तर 'केरिया'. तेव्हा त्या दिवशी मराठीतूनच विचार करा.

एक सावधगिरी मात्र हवी. आपला दुसरा स्वभाव म्हणजे माफी मागत बोलणं: 'त्रास देतेय, रागावू नका, जमलं तर बघा'. त्याचं स्पॅनिश केलंत तर 'पेर्दोन पोर मोलेस्तार' होईल, आणि तुम्ही हक्काचं काही मागताय की उसने पैसे, हे समोरच्याला कळणार नाही. माफी एकदाही नको. आभार दोनदा पुरे, सुरुवातीला आणि शेवटी.

वेळ ठरवणं

अचानक विषय काढू नका. बेसावध मॅनेजर, मग तो कुठलाही असो, 'बघू' म्हणतो. आधी दोन ओळींचा निरोप पाठवा आणि त्यात पगाराचा उल्लेख स्पष्ट करा:

«तेन्द्रियास मेदिया ओरा एस्ता सेमाना? मे गुस्तारिया आब्लार कोन्तीगो दे मी एबोलुसिओन इ दे मी स्वेल्दो.»
(या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? माझ्या कामाच्या वाटचालीबद्दल आणि पगाराबद्दल बोलायला आवडेल.)

उच्चारांबद्दल एकदाच सांगते. मी सगळीकडे 'स' लिहिलाय, लॅटिन अमेरिकेत बोलतात तसा. वालेन्सियाचे साहेब 'ग्रासिआस' न म्हणता जिभेचं टोक दातांत आणून 'ग्राथिआस'सारखं काहीतरी म्हणतील. तुम्ही रोज जसं बोलता तसंच बोला.

सप्टेंबर निवडलात हे चांगलं केलंत. ऑगस्टमध्ये स्पेन जवळजवळ सुट्टीवर असतो. शिवाय आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण तिथल्या बहुतेक कंपन्यांचं जानेवारीला. पुढच्या वर्षाचं बजेट शरद ऋतूतच ठरत जातं. मार्चमध्ये मागायला गेलात तर तिकडचे पैसे आधीच वाटले गेलेले असू शकतात. घड्याळाचंही बघा. उन्हाळी वेळ चालू असेपर्यंत ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास. वालेन्सियात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास मधल्या खाण्याची सुट्टी जवळजवळ पवित्र असते आणि दोननंतर जेवण. त्यांच्याकडचे बारा वाजता भेट ठरवा, म्हणजे सप्टेंबरात आपल्याकडे साडेतीन. तुम्हीही जेवून ताज्यातवान्या असाल, ठाण्याला गाडी बदलायची घाई अजून लागलेली नसेल.

कारणं: हप्ता नको, बिलं सांगा

घराचा हप्ता सांगू नका. तो खोटा नाही, आणि सांगायला लाज वाटण्यासारखंही काही नाही. प्रश्न असा आहे की तुमचे मॅनेजर हे वाक्य पुढे नेऊ शकत नाहीत. तुमची भेट संपल्यावर त्यांना वित्त विभागातल्या कुणाला तरी सांगावं लागणार की हिला का द्यायचं. 'तिचा हप्ता वाढलाय' हे ते तिथे म्हणू शकत नाहीत. 'ती दीडपट बिलं बघते' हे म्हणू शकतात. कारण निवडताना एवढंच तपासा की ते त्यांच्या तोंडी शोभेल का.

तुमच्याकडे दोन कारणं तयार आहेत. तिसरं शोधा, आणि ते कामाच्या परिणामाचं असू द्या. मुदत उलटलेली बिलं किती कमी झाली, हे तुमच्या प्रणालीतून एका दुपारी निघेल. खाली मी ४० वरून १२ असा आकडा उदाहरणासाठी घेतलाय, तिथे तुमचा खरा घाला. आकडा तुमच्या बाजूचा नसेल तर ते कारण सोडून द्या. दोन भक्कम कारणांपुढे तिसरं लंगडं उभं केलंत तर ते नेमकं त्यालाच धरतील.

भेट: सुरुवात ते मागणी

«ग्रासिआस पोर आसेर्मे ऊन वेको. कोमो ते कोमेन्ते, केरिया आब्लार कोन्तीगो दे मी स्वेल्दो.»
(वेळ काढलात, आभार. म्हटलं होतं तसं, माझ्या पगाराबद्दल बोलायचं होतं.)

«येबो क्वात्रो आन्योस एन एल एकीपो इ एस्तोय कोन्तेन्ता आकी.»
(चार वर्षं या टीममध्ये आहे, आणि इथे आनंदात आहे.)

इथे 'येबो' वापरा. 'चार वर्षं काम करत आले आहे' याचं इंग्रजी वळणाचं लांबलचक स्पॅनिश करू नका. दुसरा अर्धा भागही वगळू नका. तो खुशामतीसाठी नाही. तुम्ही नोकरी सोडायला आलेला नाही हे त्यांना पहिल्या मिनिटात कळावं म्हणून आहे. मग कारणं, एकेक वाक्यात, प्रत्येकानंतर श्वास घेऊन:

«देस्दे आब्रील येबो ताम्बिएन लास फाक्तुरास दे मेखिको इ कोलोम्बिआ. आन्तेस एरान उनास त्रेसिएन्तास आल मेस इ आओरा सोन उनास क्वात्रोसिएन्तास सिंक्वेन्ता.»
(एप्रिलपासून मेक्सिको आणि कोलंबियाची बिलंही बघते. आधी महिन्याला साधारण ३०० होती, आता साधारण ४५० आहेत.)

«एन्त्रे आब्रील इ आगोस्तो, लास फाक्तुरास बेन्सीदास बाखारोन दे क्वारेन्ता आ दोसे.»
(एप्रिल ते ऑगस्टमध्ये मुदत उलटलेली बिलं ४० वरून १२ वर आली.)

«आदेमास, ए फोर्मादो आ दोस कोम्पान्येरोस न्वेबोस, इ लोस दोस या त्राबाखान सोलोस.»
(शिवाय दोन नव्या सहकाऱ्यांना तयार केलं, आणि दोघंही आता स्वतंत्रपणे काम करतात.)

आता मागणी. किती मागायचं हे पत्रात नाही, म्हणून मी १५ टक्के धरते, म्हणजे ६ लाख ४० हजारांचे ७ लाख ३६ हजार. पूर्ण नव्या प्रदेशाची जबाबदारी आणि दीडपट काम बघता हा आकडा मला आगाऊ वाटत नाही. पण मुंबईत तुमच्यासारख्या कामाला सध्या काय मिळतं हे दोन-तीन ओळखीच्यांकडून तपासून घ्या.

«पोर तोदो एस्तो, मे गुस्तारिया पेदीर्ते उना सुबीदा देल किन्से पोर सिएन्तो, एस देसीर, पासार दे सेइसिएन्तास क्वारेन्ता मिल आ सेतेसिएन्तास त्रेइन्ता इ सेइस मिल रुपिआस आन्वालेस. कोमो लो बेस?»
(या सगळ्यासाठी मला १५ टक्के वाढ मागायची आहे, म्हणजे वर्षाला ६,४०,००० वरून ७,३६,००० रुपये. तुला काय वाटतं?)

वर म्हटलेला फरक इथे पडतो. निर्णय इथलं एचआर घेणार असेल तर 'पेदीर्ते उना सुबीदा' ऐवजी 'पेदीर्ते तू आपोयो पारा उना सुबीदा' म्हणा, म्हणजे 'वाढीसाठी तुझा पाठिंबा मागायचा आहे'.

या वाक्यावर थोडं थांबू, कारण जीभ अडखळते ती इथेच. स्पॅनिशमध्ये लाख नाही. सहा लाख चाळीस हजार म्हणजे सहाशे चाळीस हजार. आपल्या डोक्यात लाखांचं गणित चालतं, ते आयत्या वेळी हजारांत फिरवताना शून्य सांडतं. म्हणून तुमचे तीन आकडे (सध्याचा, मागायचा, आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो) स्पॅनिश अक्षरांत कागदावर लिहून समोर ठेवा. दुसरं, 'रुपिआ' स्त्रीलिंगी आहे, म्हणून शेकडे 'सिएन्तोस' न होता 'सिएन्तास' होतात, बिलांचे होतात तसेच. लिंग चुकलं तरी पैसे कमी होणार नाहीत, पण शून्य चुकलं तर होतील. मेलमध्ये 7,36,000 असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविराम टाकू नका. तिकडे स्वल्पविराम दशांशाचा. 736 000 असं मध्ये जागा सोडून लिहा.

आणखी एक गोंधळ शांतपणे वाट बघत असतो. आपला सीटीसी आणि त्यांचा 'ब्रुतो आन्वाल' एक नाहीत. सीटीसीत कंपनीने भरलेला भविष्यनिर्वाह निधी, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. स्पेनमध्ये कंपनीचा सामाजिक सुरक्षेचा वाटा 'ब्रुतो'च्या बाहेर असतो. तुमचे ६ लाख ४० हजार सीटीसी असतील तर तेवढं सांगून टाका: «एस एल कोस्ते तोताल पारा ला एम्प्रेसा.» (हा कंपनीचा एकूण खर्च आहे.) नाहीतर ते हो म्हणतील एका आकड्याला आणि पत्र येईल दुसऱ्या आकड्याचं.

'कोमो लो बेस' म्हटल्यावर गप्प बसा. व्हिडिओवरची शांतता लांब वाटते आणि आपल्याला ती भरून काढायची सवय असते. नेमकं तेव्हाच आपण 'पण दहा टक्केही चालतील' म्हणून बसतो, समोरच्याने तोंड उघडण्याआधीच.

'नाही'नंतरच्या पायऱ्या

ते लगेच हो म्हणाले तर एवढंच विचारा: «देस्दे के मेस से आप्लिकारिया?» (कुठल्या महिन्यापासून लागू होईल?) पण बहुधा तीनपैकी एक वाक्य येईल.

'नो देपेन्दे दे मी', माझ्या हातात नाही. यावर विचारायचं: «लो एन्तिएन्दो. दे किएन देपेन्दे? मे आपोयारियास?» (समजलं. कोणाच्या हातात आहे? तू मला पाठिंबा देशील?)

'लो तेंगो के कोन्सुल्तार', वर विचारावं लागेल. हे बरेचदा खरंच असतं, त्याला टोलवाटोलवी समजू नका. फक्त तारीख घ्या: «क्लारो. ते पारेसे बिएन सी लो रेतोमामोस देन्त्रो दे दोस सेमानास?» (जरूर. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलू या का?) 'या बेरेमोस' म्हणजे आपलं 'बघू'च, त्यालाही हेच उत्तर.

आणि तिसरं, 'नो आय प्रेसुप्वेस्तो', बजेट नाही. इथून खाली उतरायच्या पायऱ्या सुरू होतात. त्या एकेक करून उतरायच्या. तिन्ही एका दमात सांगितल्यात तर ते सगळ्यात खालची उचलतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिली पायरी, वाढ दोन टप्प्यांत:

«सी एल किन्से नो फ्वेरा पोसीब्ले आओरा, पोद्रियामोस आसेर्लो एन दोस पार्तेस? ऊन दिएस पोर सिएन्तो आओरा, इ एन आब्रील एल रेस्तो, आस्ता येगार आ सेतेसिएन्तास त्रेइन्ता इ सेइस मिल.»
(आत्ता १५ शक्य नसतील तर दोन भागांत करू या का? आत्ता १० टक्के, आणि उरलेलं एप्रिलमध्ये, ७,३६,००० पर्यंत.)

दहा टक्क्यांनी तुम्ही ७ लाख ४ हजारांवर येता. 'उरलेलं' म्हणजे नेमकं किती यावर एप्रिलमध्ये नव्याने घासाघीस नको, म्हणून शेवटचा आकडा आत्ताच उच्चारायचा. बी-टू झालेल्यांची ठरलेली घसरण याच वाक्यात होते: 'सी' म्हणजे 'जर', आणि त्याच्या लगेच मागे 'सेरिया' येत नाही. 'सी सेरिया पोसीब्ले' असं तोंडात आलं तर थांबा आणि 'फ्वेरा' म्हणा. तेही आठवलं नाही तर साधा वर्तमानकाळ टाका, 'सी नो एस पोसीब्ले'. ते बरोबर आहे, फक्त किंचित कोरडं.

दुसरी पायरी, या वर्षी काहीच नाही, पण पुढची तारीख आणि अट लेखी:

«सी एस्ते आन्यो नो आय प्रेसुप्वेस्तो, पोद्रियामोस फिखार उना फेचा पारा रेबिसार्लो, इ देखार पोर एस्क्रीतो के तेन्द्रिया के कुम्प्लीर यो?»
(या वर्षी बजेट नसेल तर फेरविचाराची तारीख ठरवू या का, आणि मी काय पूर्ण करायला हवं ते लिहून ठेवू या का?)

अट मोजता येईल अशी असू द्या. 'जबाबदारी वाढव' ही अट नाही. 'मुदत उलटलेली बिलं मार्चपर्यंत १० च्या आत' ही अट आहे.

तिसरी पायरी, पगाराबाहेरचं. स्पेनमध्ये 'प्लुस दे इदिओमास' म्हणजे भाषाभत्ता ही ओळखीची कल्पना आहे, तो मागता येईल: «आब्रिया मार्खेन पारा ऊन प्लुस दे इदिओमास?» (भाषाभत्त्याला वाव असेल का?) किंवा पुढच्या परीक्षेचं शुल्क: «पोद्रिया ला एम्प्रेसा पागार्मे एल एक्सामेन देले से ऊनो?» (कंपनी माझ्या देले सी-वन परीक्षेचे पैसे भरू शकेल का?) ही रक्कम वेगळ्या खात्यातून जाते, त्यामुळे पगाराला नाही म्हणणारे याला हो म्हणू शकतात. देलेचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, तेव्हा ते उद्या दुसऱ्या नोकरीतही तुमचंच राहील. पण ही पायरी फक्त वरच्या दोन्ही बंद झाल्यावर. दीडपट कामाच्या बदल्यात एका परीक्षेची फी, हा सौदा मला पटत नाही.

दुसरीकडून बोलावणं आलंय असं सांगायचा मोह होईल. खरं असेल आणि तुम्ही खरोखर जाणार असाल तरच सांगा.

हे शब्द टाळा

इंग्रजीशी सारखे दिसणारे काही स्पॅनिश शब्द नेमके या बोलण्यात फसवतात. 'दिस्कुतीर' म्हणजे बहुतेक वेळा वाद घालणं. पगारावर 'आब्लार' करायचं असतं. 'सोपोर्तो आल एकीपो' म्हटलंत तर 'मी टीमला सहन करते' असा अर्थ होतो, आणि तो खरा असला तरी तिथे बोलायचा नाही. 'कोम्प्रोमीसो' म्हणजे बांधिलकी. तडजोडीसाठी 'आक्वेर्दो' म्हणा. सगळ्यात महागात पडणारा शब्द म्हणजे 'एबेन्त्वाल्मेन्ते'. तुम्हाला म्हणायचं असतं 'पुढे नक्की', आणि त्याचा अर्थ होतो 'झालं तर झालं'. उरलेली वाढ 'एबेन्त्वाल्मेन्ते' चालेल असं तुमच्या तोंडून गेलं, तर ती सोडून दिल्यासारखीच आहे. अशा जागी महिन्याचं नाव घ्या.

ते भरभर बोलले आणि काही निसटलं तर मान डोलावू नका. «पेर्दोना, मे लो प्वेदेस रेपेतीर मास देस्पासिओ?» (माफ कर, जरा सावकाश पुन्हा सांगतोस का?) हे विचारणं भाषेचं अज्ञान ठरत नाही, पैशांच्या बोलण्यात तर नाहीच. माफी नको म्हटलं होतं, ती मागणीसाठी. इथे ती चालते.

मॅनेजर मेक्सिको किंवा कोलंबियाचे असतील तर

हे ज्यांचं ऑफिस तिकडच्या वेळेवर चालतं त्या वाचकांसाठी. तिथे वरिष्ठांशी 'उस्तेद' पुष्कळ जास्त चालतं, आणि बोगोतात तर घरच्यांशीही 'उस्तेद' बोलणारे भेटतात. समोरचा स्वतःहून 'तू'वर येत नाही तोवर 'उस्तेद' ठेवा. मग 'कोन्तीगो'चं 'कोन उस्तेद', 'पेदीर्ते'चं 'पेदीर्ले', 'कोमो लो बेस'चं 'कोमो लो बे', 'तेन्द्रियास'चं 'तेन्द्रिया' होईल. अर्ध्यावर 'तू'वर घसरणं ही नेहमीची चूक असते, ती टाळायला सगळी वाक्यं एकदा 'उस्तेद'मध्ये लिहूनच काढा. तिकडे 'सुबीदा'ऐवजी 'आउमेन्तो' आणि 'फोर्मार'ऐवजी 'कापासितार' जास्त ऐकू येतं. आणि मेक्सिकोच्या माणसाने 'आओरीता' म्हटलं, तर त्याचा अर्थ आत्ता, थोड्या वेळाने किंवा कधीतरी, यातलं काहीही होऊ शकतो.

त्याच दिवशीचा मेल

भेट संपवताना म्हणा: «ग्रासिआस पोर एस्कुचार्मे. ते मान्दो ओय ऊन कोर्रेओ कोन लो के एमोस आब्लादो.» (ऐकून घेतलंस, आभार. बोललो त्याचा मेल आजच पाठवते.) आणि खरंच त्याच संध्याकाळी पाठवा. चार ओळी पुरेत: मागितलेला आकडा, तीन कारणं, त्यांचं उत्तर, पुढची तारीख. उत्तर लिहिताना स्वतःच्या बाजूने ताणू नका. ते 'विचारतो' म्हणाले असतील तर 'विचारणार आहेत' एवढंच लिहा. सुरुवात «सी ते ए एन्तेन्दीदो बिएन» (मला नीट समजलं असेल तर) अशी केलीत, तर चूक दुरुस्त करायला त्यांना जागा राहते. तेच मराठी-इंग्रजीत इथल्या एचआरला सांगायची घाई करू नका. आधी वालेन्सियाहून उत्तर येऊ द्या. दोन आठवड्यांची तारीख ठरली असेल तर ती भेट कॅलेंडरवर तुम्हीच टाका. तेव्हा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटून गेलेला असेल, तर त्यांचे बारा म्हणजे आपले साडेचार.